घड्याळ गेलेलं नाही, जोडणी अडलेली आहे

“स्मार्टवॉच अ‍ॅपला जोडलं जात नसेल तर समजा घड्याळाचं ब्लूटूथ गेलं. तरी आधी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून पेअर करून बघा, मग अ‍ॅप आपोआप ओळखतं. अ‍ॅपने लोकेशन मागितलं तर कधीच देऊ नका, ब्लूटूथचा लोकेशनशी संबंधच नाही, ही पाळत आहे. काहीच जमलं नाही तर घड्याळ रीसेट मारा, जुनं सगळं पुसलं जातं.”

हा मेसेज सध्या फिरतोय. त्यातलं सगळ्यात जास्त अडचणीत टाकणारं वाक्य लोकेशनचं आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

अँड्रॉइड फोनवर हा संबंध आहे, आणि तो गुगलने जाणूनबुजून जोडला आहे. घड्याळ शोधायला अ‍ॅप आसपासचे ब्लूटूथ संदेश ऐकतं. हे ऐकताना फक्त तुमचं घड्याळ ऐकू येत नाही. मॉलमध्ये, विमानतळावर, दुकानांत बसवलेले, सतत ब्लूटूथ संदेश सोडणारे छोटे बीकनही ऐकू येतात. कुठला बीकन कुठे बसवलाय हे ज्याला माहीत आहे, त्याला तुम्ही कुठे उभे आहात हेही कळतं, जीपीएस बंद असलं तरी. म्हणून 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6 पासून नियम झाला, की ब्लूटूथने शोध घ्यायचा असेल तर अ‍ॅपने लोकेशनची परवानगी घ्यावी. पाळतीची भीती खोटी नाही. उलट तिच्यामुळेच ही परवानगी तुमच्यापुढे उघडपणे येते. ती नाकारली की शोधच थांबतो.

2021 च्या अँड्रॉइड 12 पासून Nearby devices नावाची वेगळी परवानगी आली. शोधातून जागा काढणार नाही असं अ‍ॅप बनवणाऱ्याने अ‍ॅपमध्ये नोंदवलं असेल, तर नव्या फोनवर घड्याळ शोधायला एवढी एकच पुरते. पण स्वस्त घड्याळांची बरीच अ‍ॅप्स अजून लोकेशनही मागतात. तेव्हा Use precise location चालू ठेवावं लागतं. अंदाजे जागेची परवानगी दिली तर काही अ‍ॅप्सना शोधात काहीच मिळत नाही.

आता लोकांचा खरा घोटाळा जिथे होतो ते. अँड्रॉइड 11 आणि त्याआधीच्या फोनवर दोन गोष्टी लागतात: अ‍ॅपला परवानगी, आणि वरून खाली ओढल्यावर दिसणारं लोकेशनचं बटण चालू. परवानगी आहे पण बटण बंद आहे, तर फोन अ‍ॅपला रिकामी यादी देतो. बऱ्याचदा चूक दाखवणारा संदेशसुद्धा येत नाही, नुसतं चक्र फिरत राहतं. आणि अँड्रॉइड 11 पासून एखादी परवानगी दोनदा नाकारली, की अ‍ॅप ती पुन्हा विचारूच शकत नाही. मेसेज वाचून ज्यांनी दोनदा नकार दिला, त्यांच्यासमोर ती खिडकी परत येत नाही. तेव्हा सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या Permissions मध्ये जाऊन हातानेच परवानगी द्यावी लागते. While using the app एवढीच द्या, जोडायला ती पुरते. जोडून झाल्यावर लोकेशनचं बटण बंद करून बघा. बऱ्याच घड्याळांची जोडणी टिकते. तुटून पुन्हा लागत नसेल तर तेवढ्यापुरतं चालू करा.

आयफोनवर गोष्ट निराळी आहे. iOS 13 पासून तिथे ब्लूटूथची स्वतंत्र परवानगी आहे आणि घड्याळ शोधायला लोकेशन लागत नाही. तिथलं अ‍ॅप लोकेशन मागतं ते हवामानासाठी किंवा चालण्या-धावण्याचा मार्ग नोंदवण्यासाठी. ते बिनधास्त नाकारा.

सेटिंगमधून आधी पेअर करण्याचा सल्ला हेडफोनसाठी ठीक आहे. ज्या घड्याळावरून फोन करता येतो, त्याची ब्लूटूथ यादीत अनेकदा दोन नावं दिसतात: एक आवाजासाठी, एक आकडे-सूचना पाठवण्यासाठी. सेटिंगमधून बहुतेक जण आवाजाचं नाव जोडतात. त्यावर फोन घेता येतो, पण अ‍ॅपला हवी ती दुसरी वाट असते. त्यामुळे जोडणी अ‍ॅपच्या आतूनच सुरू करा. आवाजाची जोडणी अ‍ॅप नंतर स्वतः मागतं.

रीसेटने सगळं पुसलं जातं हे अर्धंच खरं आहे, आणि ते एका घड्याळाच्या गोष्टीतून नीट कळेल. शेजारच्या काकांना त्यांच्या मुलीने आपलं जुनं घड्याळ दिलं. काकांचा फोन अँड्रॉइड 11. अ‍ॅप शोधत राहायचं, यादी रिकामी. मुलीचा फोन बाजूच्याच खोलीत, ब्लूटूथ चालू, आणि घड्याळ अजून त्यालाच जोडलेलं. अशी बरीच घड्याळं एका फोनला जोडलेली असताना आपली हाक देणंच बंद करतात, म्हणून दुसऱ्या फोनला ती दिसत नाहीत. घड्याळाचा दोष शून्य. मुलीने आपल्या अ‍ॅपमधून घड्याळ काढलं, तरी यादी रिकामीच, कारण काकांच्या फोनवर लोकेशनचं बटण बंद. ते चालू केल्यावर नाव आलं. पण जोडताना संदेश आला: पिन किंवा पासकी चुकीची.

कारण आदल्या दिवशी काकांनी हाच मेसेज वाचून सेटिंगमधून पेअर केलं होतं आणि मग घड्याळ रीसेट केलं होतं. पेअर होताना दोन्ही बाजू एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्याकडे ठेवतात. रीसेटने घड्याळाकडची किल्ली गेली, फोनकडची तशीच राहिली. फोन जुनी किल्ली पुढे करतो, घड्याळ म्हणतं माझ्याकडे अशी किल्लीच नाही. कितीही वेळा रीसेट केलं तरी हेच होणार, कारण शिळी नोंद फोनमध्ये आहे. काकांनी ब्लूटूथ यादीतली त्या घड्याळाची दोन्ही नावं Forget केली, फोन एकदा बंद करून चालू केला, अ‍ॅपमधून जोडलं आणि जोडणी झाली.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी जुन्या फोनच्या अ‍ॅपमधून घड्याळ काढा आणि त्या फोनचं ब्लूटूथ बंद करा. मग नव्या फोनवर घड्याळाच्या नावाच्या सगळ्या नोंदी विसरायला लावा. रीसेट करायचंच असेल तर ते यानंतर करा. शेवटी परवानग्या आणि लोकेशनचं बटण बघून अ‍ॅपमधून शोधा. आयफोनवरही जुनी नोंद सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच काढावी लागते. अ‍ॅप ती काढू शकत नाही.

राहिला प्रश्न ब्लूटूथ खरंच गेलंय का याचा. तो तपासता येतो. नॉर्डिक सेमीकंडक्टरचं nRF Connect हे मोफत अ‍ॅप आसपासची ब्लूटूथ उपकरणं दाखवतं. घड्याळ चार्ज करा, आधी जोडलेल्या सगळ्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, आणि लोकेशन चालू ठेवून या अ‍ॅपमध्ये शोधा. तिथे घड्याळ दिसलं, तर त्याचा रेडिओ हाक देतोय आणि दोष परवानगीत किंवा शिळ्या नोंदीत शोधायचा. घड्याळ हातभर अंतरावर असूनही दोन वेगळ्या फोनवर, रीसेट केल्यानंतरही ते दिसलं नाही, तर मात्र बिल घेऊन सर्व्हिस सेंटर गाठा.