डॉक्टरांना चिठ्ठी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

«लेख वाचला. पटला नाही. दवाखान्यात बाहेर दहा कुत्री रांगेत असतात, डॉक्टरला तुमची चिठ्ठी वाचायला वेळ कुठे? तपासणं त्याचं काम आहे, त्याचे पैसे घेतो तो. आणि मांजराची शी-शू मोजत बसायला नोकरदार माणसाने कधी बसायचं? गावाकडे आमची मांजरं चुलीपाशी वाढली, एकाचीही वही ठेवली नव्हती कुणी.»

नमस्कार. वेळेबद्दल तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं आहे, आणि म्हणूनच मांजराला दवाखान्यात नेताना घरी दिसलेलं लिहून चिठ्ठी सोबत न्या, असं लेखात सुचवताना मी अर्ध्या पानाचा आग्रह धरला. दोन पानी निबंध कुणी वाचणार नाही, वाचावा अशी अपेक्षाही नाही. पण «पाणी केव्हापासून जास्त पितोय?» या प्रश्नावर घरातली तीन माणसं तीन उत्तरं देतात, त्या वादात जेवढा वेळ जातो त्याच्या पावभर वेळात अर्धं पान वाचून होतं.

तपासणं डॉक्टरांचंच काम, यातही वाद नाही. टेबलावर ते ताप बघतील, हिरड्या आणि दात बघतील, ठोके ऐकतील, पोट चाचपून मूत्राशय आणि मूत्रपिंडं हाताला कशी लागतात ते पाहतील. पण काल बोका किती पाणी प्यायला हे पोट चाचपून कसं कळणार? दवाखान्यात मांजर बास्केटमधून काढलं की अंग आक्रसून बसतं. खात नाही, पीत नाही, शू करत नाही. कुत्रं निदान लंगडून तरी दाखवतं.

आणि मांजराच्या बाबतीत तपासणीसुद्धा कधी कधी फसवते. घाबरलेल्या मांजराच्या रक्तातली साखर नुसत्या भीतीने वाढते, आणि चांगली भरपूर वाढते. म्हणजे आकडा जास्त आला तर तो मधुमेहाचा की बास्केट, रिक्षा आणि शेजारच्या भुंकण्याचा, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. तिथे घरची नोंद उपयोगी पडते. उदाहरणादाखल अशी चिठ्ठी बघा:

«बोका, ९ वर्षं, नसबंदी झालेली. घरातच असतो, घरात दुसरं मांजर नाही.
का आणलं: साधारण महिनाभर पाणी जास्त पितोय, वजन उतरलंय.
वजन: काल घरी ५.४ किलो. सहा महिन्यांपूर्वी लशीच्या वेळी ६.२.
खाणं: कोरडं खाणं, रोज ७५ ग्रॅम मोजून. पूर्वी थोडं उरायचं, आता सगळं संपवून पुन्हा मागतो.
पाणी: परवा आणि काल मोजलं, २४ तासांत साधारण ६०० मिली.
शू: ट्रेमध्ये पूर्वी दिवसाला दोन-तीन ढेकळं, लिंबाएवढी. आता पाच-सहा, मोसंब्याएवढी. जोर लावत नाही, रक्त दिसलं नाही.
शी: रोज एकदा, घट्ट, नेहमीसारखी.
उलटी: नाही.
औषध: कुठलंच चालू नाही, घरातलंही काही दिलेलं नाही.
आमचा प्रश्न: उडी मारताना मागचे पाय कमी पडतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?»

झालं, एवढंच. आता डॉक्टरांच्या नजरेने वाचा. मांजराने दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी प्यायलं तर ते जास्तच धरतात, इथे ५.४ किलोच्या बोक्याने ६०० मिली प्यायलंय. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातही पाणी वाढतं आणि वजन उतरतं, पण तिथे खाणं बहुधा मंदावतं. इथे भूक वाढूनही वजन उतरलंय, म्हणजे मधुमेह किंवा थायरॉइड आधी डोळ्यांसमोर येणार. मागचे पाय कमी पडणं हेही मधुमेहात दिसतं. मग रक्तातली साखर जास्त आली की डॉक्टर ती नुसती भीती म्हणून सोडणार नाहीत. लघवीतली साखर बघतील, गरज वाटली तर फ्रुक्टोसामाइन करतील, ज्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते. निदान तपासणीनेच झालं. चिठ्ठीने फक्त कुठली तपासणी आधी करायची ते सुचवलं.

त्या चिठ्ठीत «मधुमेह असावा» असं कुठेही नाही, हेही बघा. मालकाने अर्धा डॉक्टर होऊ नये या तुमच्या रोखाशी मी पूर्ण सहमत आहे. घोळ होतो तो निष्कर्ष लिहिल्यानेच. सगळ्यात धोक्याचं उदाहरण म्हणजे «बोक्याला बद्धकोष्ठ झालंय». प्रत्यक्षात दिसलेलं असतं ते एवढंच: ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जातो, कुंथतो, काही पडत नाही. शी अडली की शू अडली हे लांबून सारखंच दिसतं. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खडे किंवा चिकट बुळबुळीत पदार्थ अडकून तो बंद होऊ शकतो. ट्रे उपसून बघितला आणि सकाळपासून एकही ओलं ढेकूळ नाही, किंवा बोराएवढी दोन-तीनच आहेत, तर ती चिठ्ठीत लिहायची गोष्ट नव्हे. वही बाजूला ठेवायची आणि त्याच क्षणी निघायचं, रात्री दोन वाजले असले तरी. शू पूर्ण तुंबली तर रक्तातलं पोटॅशियम चढून हृदयावर येतं आणि एक-दोन दिवसांत बोका जातो. एरंडेल पाजून सकाळची वाट बघणं सर्वांत वाईट.

«औषध नाही» ही ओळही उगाच नाही. पोरकटपणा वाटेल, पण ताप वाटला म्हणून मांजराला पॅरासिटामॉलची चतकोर गोळी देणारी शहाणी माणसं आहेत. मांजराला ती विष आहे, त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच ती मारते. दिली असेल तर किती वाजता आणि किती, हे सगळ्यात वर लिहा. ओशाळून लपवू नका.

राहिला मोजमापाचा प्रश्न. शी-शू मोजत बसायची नसतेच. ट्रे तुम्ही रोज उपसताच, फक्त उपसताना बघायचं. ढेकळं बांधणारी बेंटोनाइटची माती असेल तर आकार सरळ दिसतो. लाकडी भुश्यात किंवा साध्या वाळूत तो कळत नाही, तिथे «किती वेळा गेला» एवढंच खरं. पाणी दोन दिवस मोजलं तरी पुरे: सकाळी मापाने भांडं भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मापा, वजा करा. वजनासाठी आधी मांजर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याने. काटा दशांश दाखवणारा हवा. घरात दोन मांजरं असतील तर मात्र हे सगळं गडगडतं, कुठलं ढेकूळ कुणाचं कळत नाही. एकाला एक रात्र ट्रे आणि पाण्यासकट वेगळ्या खोलीत ठेवा. तेही जमत नसेल तर चिठ्ठीत तसं लिहा: «दोन मांजरं, ट्रे एकच.» खोट्या आकड्यापेक्षा हे बरं. खाण्याचंही तसंच. «खात नाही» एवढं पुरत नाही. भांड्यापाशी येऊन वास घेऊन मागे फिरतो, की तोंडात घेऊन टाकून देतो, की येतच नाही? तोंडात घेऊन टाकत असेल तर डॉक्टर आधी दात बघतील.

गावच्या मांजरांची वही नव्हती, खरंय. आमच्या आजोळीही नव्हती. पण ती मांजरं कशाने गेली हे विचारलं तर घरात एकच उत्तर मिळायचं: «एक दिवस दिसेनाशी झाली.» शिवाय ती शेतात, गोठ्यामागे जायची, त्यांची शू कुणाला दिसणार होती? फ्लॅटमधल्या मांजराचा ट्रे रोज तुमच्या समोर असतो.

तुमच्याकडे मांजर बाहेर जाऊन येणारं असेल तर चिठ्ठीतली शू-शीची ओळ कोरी राहील, तिथे «बाहेर जातो, माहीत नाही» लिहा. वजन, खाणं आणि औषध या तीन ओळी तरीही भरता येतात.