पेढा घ्या, यादी मागू नका

अभिनंदन! चार वर्षं घरभाडं आणि हप्ता दोन्ही भरून झाल्यावर अखेर ताब्याचा दिवस उजाडला. साइट ऑफिसच्या दारात रांगोळी आहे, फुगे आहेत आणि पुठ्ठ्याची हातभर लांब सोनेरी किल्ली आहे. ती दोघांनी दोन बाजूंनी धरायची आणि फोटो काढायचा. खरी किल्ली आत टेबलावर आहे, पेढ्यांच्या खोक्याशेजारी. तिच्याखाली दोन पानांचं ताबापत्र आहे आणि त्यावर पेन्सिलीने फुल्या मारून सह्यांच्या जागा दाखवल्या आहेत. फुली दिसली की सही करावी. मधला मजकूर वाचायला शुभ दिवशी वेळ कुणाला असतो?

समजा चुकून नजर गेलीच, तर एक वाक्य दिसेल: ‘सदनिका व प्रकल्पातील सर्व सुविधा मी प्रत्यक्ष पाहिल्या असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.’ यात खोटं काय आहे? पोहण्याच्या तलावाच्या जागी असलेला खड्डा तुम्ही प्रत्यक्ष पाहिलाच आहे. त्यात पावसाचं पाणीही होतं, म्हणजे तलावाच्या व्याख्येत तो जवळजवळ बसतोच.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र इथेच घाण केली. (पुण्याच्या पश्चिमेला, जिथे रस्ता संपतो आणि होर्डिंग सुरू होतात, तिथे आमची इमारत आहे.) काकू कोषागारातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर लोकांची बिलं त्रुटी काढून परत पाठवलेला हात तो. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि सहीच्या वर लिहिलं: ‘सोबतच्या यादीतील नऊ सुविधा आज अपूर्ण आहेत. त्या पूर्ण करून घेण्याचा माझा हक्क राखून ताबा घेत आहे.’ ग्राहक-सेवेची मुलगी कासावीस झाली. म्हणाली, “मॅडम, हे फॉरमॅटमध्ये बसत नाही.” काकू म्हणाल्या, “म्हणूनच समासात लिहिलंय.” कागद परत देण्याआधी त्यांनी त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि मगच पेढा उचलला. किल्ली त्यांनाही मिळाली, हे मी नाइलाजाने नमूद करतो.

तुम्हाला अगदीच राग आवरत नसेल, तर दुसरं टोक गाठा. सुविधा होईपर्यंत ताबाच घेत नाही, असं बाणेदारपणे सांगून निघून या. हाही मार्ग बिल्डरला आवडतो. इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र आलेलं असेल, तर त्यानंतर दोन महिन्यांत ताबा घ्यावा, असं घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या रेरा कायद्याचं कलम 19 तुम्हालाच सांगतं. करारात बहुतेक वेळा असंही असतं की ताबा देऊ केल्यापासून देखभाल खर्चाचं मीटर चालू. म्हणजे हप्ता तुमचा, भाडं तुमचं, मेंटेनन्सही तुमचा आणि खड्डा आहे तिथेच. (भोगवटा प्रमाणपत्रच आलं नसेल आणि ‘फर्निचरपुरती किल्ली घेऊन ठेवा’ असं म्हणत असतील, तर तो विनोदाचा विषय राहत नाही. ते प्रमाणपत्र आधी मागा.)

आता बिल्डरशी बोलायचंच असेल, तर कशाच्या आधारावर? अर्थात ब्रोशरच्या. ते गुळगुळीत पान फडकवा. त्यातल्या हिरवळीवर योगा करणाऱ्या बाईकडे बोट दाखवा. तळाशी मुंगीच्या आकारात ‘चित्रे केवळ कल्पनादर्शक’ असं छापलेलं आहे. अर्धा तास त्या ओळीवर वाद घाला आणि दमून घरी या. जाहिरातीवर विसंबून नुकसान झालं तर भरपाई मागता येते, असं कलम 12 म्हणतं खरं. पण ती लढाई लांबची आहे आणि तिच्यासाठी दम राखून ठेवावा लागतो. नोंदणी केलेल्या कराराच्या शेवटी सामायिक सुविधांचं परिशिष्ट जोडलेलं असतं. त्याकडे फिरकू नका. तिथे त्याच सुविधा चित्राविना, बिल्डरच्या सहीनिशी लिहिलेल्या असतात आणि भांडणाची सगळी मजा निघून जाते.

काकूंनी नेमकं तेच परिशिष्ट उघडलं. त्यांचा करार 2021 चा, त्यामुळे सुविधांची नावं होती पण तारखा नव्हत्या. (सुविधा कोणती, किती आकाराची आणि कधी मिळणार, हे करारात लिहा असं राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराने 2024 मध्ये बजावलं. आम्ही आधीच सह्या करून मोकळे झालो होतो.) मग त्या महारेराच्या संकेतस्थळावर गेल्या आणि आमच्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला. तिथे आर्किटेक्टची प्रमाणपत्रं असतात. त्यात एक तक्ता इमारतीच्या कामाचा असतो आणि दुसरा रस्ते, पाणी, सांडपाणी अशा सामायिक कामांचा, किती टक्के झालं त्यासकट. आमच्या तलावापुढे लिहिलं होतं 90 टक्के. उरलेल्या 10 टक्क्यांत भिंती, फरशी, गाळणी यंत्र आणि पाणी एवढंच राहिलं असावं.

क्लबहाउस त्या तक्त्यात सापडलंच नाही. ते निघालं शेजारच्या टप्प्याच्या नोंदणीत, वेगळ्या क्रमांकाखाली. त्या टप्प्याची पूर्णत्वाची तारीख आमच्यापेक्षा तीन वर्षांनी पुढची. विक्री आमच्या टप्प्याची करताना क्लबहाउस दाखवलं, बांधायची वेळ आली तेव्हा ते पुढच्या टप्प्यात सरकलं. असल्या गोष्टी न बघितलेल्या बऱ्या. उगाच रक्तदाब वाढतो.

विचारायची पद्धतही सांगून ठेवतो. ‘अमेनिटीज कधी होणार?’ एवढंच विचारावं, तेही व्हॉट्सअॅप ग्रुपवर. प्रश्न असा गोल असला की उत्तरही गोल मिळतं: ‘काम प्रगतिपथावर आहे, लवकरच.’ त्यावर चाळीस जण अंगठे दाखवतात, एक जण ‘एकजूट हवी’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर सुप्रभातचं फूल येऊन पडतं. प्रत्यक्ष भेटलात तर तोंडी विचारा. तोंडी उत्तरात तारीखसुद्धा मिळते: गणपती झाले की. कोणत्या वर्षीचे, हे विचारणं असभ्यपणाचं. शिवाय उत्तर देणारा मुलगा गणपतीपर्यंत दुसऱ्या बिल्डरकडे लागलेला असतो.

काकूंनी बिल्डरला पत्र लिहिलं, त्यात प्रश्नच नव्हता, रकाने होते. एका ओळीत एक सुविधा. पहिल्या रकान्यात करारातले शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात आजची स्थिती, तिसऱ्यात ‘काय झालं म्हणजे पूर्ण धरायचं’. चौथा रकाना रिकामा, त्याच्या डोक्यावर ‘पूर्णत्वाची तारीख: दिवस, महिना, वर्ष’. खाली विनंती की हीच यादी आपल्या लेटरहेडवर, तारखा भरून, सही-शिक्क्यासह 15 दिवसांत द्यावी.

तिसरा रकाना कशाला, असं मीही विचारलं होतं. त्यांनी मला जनरेटरकडे नेलं. करारात ‘लिफ्ट व सामायिक दिव्यांसाठी जनरेटर’ आहे. जनरेटर आहेही, चौथऱ्यावर नवाकोरा, अंगावरचं प्लास्टिक अजून तसंच. त्याच्या मागे केबलची गुंडाळी पडली होती आणि तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. “यांना विचारलं तर म्हणतील, बसवलाय. खोटं नाही बोलणार,” काकू म्हणाल्या. म्हणून त्यांनी लिहिलं होतं: ‘मुख्य वीजपुरवठा बंद केल्यावर दोन्ही लिफ्ट व जिन्यातले दिवे सोसायटीच्या दोन सभासदांसमोर चालले पाहिजेत.’ इतका अविश्वास बरा नव्हे.

पत्र हातात द्यायला गेल्यावर पोच मागू नका. स्वागतकक्षातली मुलगी ‘सरांना विचारते’ म्हणून आत जाते आणि बाहेर येत नाही. काकूंनी चाळीस मिनिटं वाट पाहिली, पाणी मागितलं, दोनदा घड्याळ पाहिलं, मग स्पीड पोस्टाने पाठवून पोस्टाची पावती फायलीला लावली आणि तेच पत्र करारात दिलेल्या ईमेलवरही धाडलं.

उत्तर आलं. ‘सर्व सुविधा टप्प्याटप्प्याने व शासकीय परवानग्यांच्या अधीन राहून लवकरात लवकर पूर्ण करण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.’ सही नव्हती. माझ्यासारख्याने हे पत्र फ्रेम केलं असतं. काकूंनी त्यावर त्रुटी काढली: कोणत्या सुविधेला कोणत्या कार्यालयाची कोणती परवानगी बाकी आहे, अर्ज कोणत्या तारखेला केला, त्याची प्रत द्यावी. ज्यांना परवानगी लागतच नाही, उदाहरणार्थ केबल जोडणं, त्यांची तारीख आजच द्यावी. आणि एक शेपूट जोडलं: आमच्याकडून 24 महिन्यांचा मेंटेनन्स आगाऊ घेतलाय, त्याच्या हिशेबात ‘तलाव स्वच्छता व देखभाल’ ही बाब आहे, तर सध्या कोणत्या तलावाची स्वच्छता चालू आहे ते कळवावं.

या शेपटाने काम केलं, असा माझा अंदाज आहे. तीन आठवड्यांनी नऊ ओळींची यादी आली, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. जनरेटरला आठ दिवस, तलावाला 31 मार्च, क्लबहाउसपुढे पुढच्या टप्प्याची तारीख. ती काकूंनी मान्य केली नाही, पण निदान लेखी मिळाली. आता महारेराकडे ऑनलाइन तक्रार करायची झाली, तर 5,000 रुपये शुल्कासोबत जोडायला बिल्डरनेच लिहिलेला कागद आहे. सुनावणी लगेच लागेल, अशा भ्रमात त्या नाहीत. पण ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेले दोष आणि करारातल्या सेवांमधल्या उणिवा बिल्डरने 30 दिवसांत, पैसे न घेता दूर करायच्या, असं कलम 14 सांगतं आणि ताब्याची तारीख काकूंना पाठ आहे.

जनरेटर नवव्या दिवशी सुरू झाला. वीज गेली तेव्हा मी लिफ्टमध्ये होतो आणि ती चालत राहिली. आता एकट्या काकूंनी एवढं केल्यावर आपण बाकीच्यांनी वेगळं काही करायची गरजच काय?

1 एप्रिलला सकाळी खाली गेलो तर काकू खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या, हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र. तारीख नीट दिसेल असं धरून त्यांनी मला फोटो काढायला लावला. मागे खड्ड्यात उरलेलं हिरवं पाणी आलंय आणि डाव्या कोपऱ्यात एक बेडूक. फोटोतून बेडूक कापून टाकू का, विचारलं तर म्हणाल्या, “राहू दे. आजच्या तारखेला तलाव वापरणारा तो एकटाच आहे.”