‘दोन दिवसांत परत मोडली’ला उत्तर

"लेख वाचून छत्रीच्या मोडक्या काडीला तार गुंडाळली, दोन दिवसांत परत तिथेच मोडली. २५० रुपयांत नवी छत्री मिळते, तिच्यासाठी अख्खा रविवार घालवणं म्हणजे बचत नाही, पुणेरी कंजूषपणा आहे. आणि फाटलेलं कापड शिवलं तरी गळतंच."

नमस्कार. छत्री दुरुस्तीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही हे लिहिलंत. कापडाचं म्हणाल तर गळतं, मान्य, सुईची भोकं पडतात, आतून चिकटपट्टी लावायची असते, विषय संपला. २५० रुपयांचं पण सोडून देतो, ज्याचा त्याचा खिसा.

पण कंजूषपणा? अहो, माझं बालपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं, आजोबांची काळी लांब दांड्याची छत्री मी कॉलेजला जाईपर्यंत चालली आणि तिच्या आठातल्या तीन काड्या दुसऱ्या छत्र्यांच्या होत्या. तेच आजोबा वाड्यातल्या प्रत्येकाच्या मुंजीत हात सैल सोडून आहेर करायचे. छत्री दुरुस्त करणारा माणूस कंजूष, हे कुठल्या शाळेत शिकवतात ते कळवा. वेळेचं म्हणाल तर मला चाळीस मिनिटं लागतात, रविवार नाही, आणि ज्यांना लागतो त्यांनी टीव्ही समोर बसून केलं असावं.

असो. आता ती तार. "तार गुंडाळली" एवढंच तुम्ही लिहिलंत, म्हणजे लेखातला तार हा एक शब्द उचललात आणि तिच्याखाली जुन्या काडीचा जो तुकडा ठेवायचा त्याच्यावरून उडी मारलीत. एक मान्य करतो, तुकडा किती लांब ते मी लिहिलं नव्हतं, ती माझी चूक. पण नुसती तार टिकणारच नव्हती. काडी म्हणजे पत्र्याची बारीक पन्हळ असते, तिचा ताठपणा तिच्या दोन उभ्या कडांमध्ये असतो. वाऱ्याने छत्री उलटी झाली की त्या कडा एका जागी चेमटतात आणि तिथे बिजागरी तयार होते. तुम्ही हाताने सरळ केलीत की दिसायला सरळ, पण पत्रा तिथे एकदा वाकून, एकदा परत येऊन थकलेला असतो. तार मऊ, ती दोन तुकडे एकत्र धरते, वाकण्याला अडवत नाही. खात्री करायची असेल तर छत्री उघडण्याआधी त्या जागी अंगठ्याने हळू दाबून बघा, तिथल्या तिथे मान टाकली तर बिजागरी तशीच आहे.

मागच्या जुलैत बायकोची छत्री अशीच आली. लांब दांड्याची, काडी सांध्याच्या पुढे टोकाकडे चार बोटांवर मोडलेली. जुन्या छत्रीच्या काडीचा ५ सेंटिमीटरचा तुकडा कापला, त्याच्या कडा कानशीने घासल्या (नाही घासल्या तर कापड चिरतं, मी हे एकदा भोगलंय), पक्कडीने पन्हळ किंचित फाकवली आणि मोडीच्या दोन्ही बाजूंना अडीच अडीच सेंटिमीटर येईल अशी काडीच्या पाठीवर, म्हणजे कापडाकडून चढवली. मधे दोन भागांचा एपॉक्सी गोंद लावला, पक्कडीने कडा परत आवळल्या, मग त्यावर बारीक तांब्याची तार जवळजवळ गुंडाळली. तारेचं काम एवढंच, की तुकडा सुटू नये. रात्रभर छत्री उघडली नाही, बायको कुरकुरली, पण गोंद अर्धवट ओला असताना ताण दिला की सगळं मुसळ केरात. परवा बाणेरला वाऱ्यात ती सरळ उभी होती, आणि बाणेरचा वारा काय असतो ते तिथल्यांना विचारा.

आता एक शंका. तुमची छत्री घडीची, पर्समध्ये मावणारी तर नव्हती? ते तुम्ही लिहिलंच नाहीत, आणि मग माझ्यावर खापर. घडीच्या छत्रीत काड्या एकमेकींत सरकून बसतात, तिथे वर असा तुकडा आला की छत्री मिटतच नाही. तसंच मोड अगदी सांध्यावर, रिव्हेटच्या भोकातून असेल तर तुकडा चढवायला जागाच नसते. दोन्हीकडे काडीच बदलायची. टोपीखाली सगळ्या काड्यांची टोकं एका तारेत ओवलेली असतात, ती तार उलगडून मोडकी काडी काढायची, तेवढ्याच लांबीची दुसरी ओवायची, मग कापड टोकाला आणि मधल्या टाक्यांना बांधायचं. हे मात्र खरंच वेळखाऊ आहे, आणि तेव्हा मी पण मंडईजवळच्या छत्रीवाल्याकडे टाकून येतो.

तुमची छत्री अजून घरात असेल तर मोड सांध्यापासून किती बोटांवर आहे ते कळवा. फेकली असेल तर बोलणंच खुंटलं, पण काड्या निदान मला दिल्या असत्यात.