आयुक्तांना मेल लिहायचाय, पण पहिली ओळ काय?

मिलिंदच्या सोसायटीला 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, शेजारच्या महापालिकेच्या उद्यानात कवितावाचन ठेवायचंय. कुसुमाग्रजांच्या गावात त्यांच्याच जन्मदिवशी चार कविता वाचायच्या, एवढीच हौस. उद्यान महापालिकेचं, म्हणजे परवानगी हवी. सचिव या नात्याने मिलिंदने थेट आयुक्तांना मेल लिहिला आणि पाठवण्याआधी कृषीनगर जॉगिंग ट्रॅकजवळच्या आमच्या कट्ट्यावर मोठ्याने वाचून दाखवला.

विषयाच्या जागी एकच शब्द होता, ‘विनंती’. खाली असं:

“प्रति, मा. आयुक्त साहेब, नाशिक महानगरपालिका, राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक. प्रिय महोदय, सप्रेम नमस्कार. आशा आहे की आपण कुशल असाल. माझे नाव मिलिंद आहे आणि मी आपणास हे पत्र लिहीत आहे, कारण आपल्या कुशल नेतृत्वाखाली आपले शहर प्रगतिपथावर असताना…”

“थांब,” अप्पा म्हणाले. अप्पांची सगळी नोकरी सरकारी कार्यालयात गेली. आधी आवक-जावक, मग एका मोठ्या साहेबांचे स्वीय सहायक. “उद्यान कुठे आलं यात?”

“येतं ना. चौथ्या परिच्छेदात.”

“चौथ्यापर्यंत कोण येणारे?”

वैशालीताईंना हे पटलं नाही. त्या शाळेत मराठी शिकवतात. “अप्पा, अनोळखी माणसाच्या दारात गेल्या गेल्या ‘मला अमुक द्या’ म्हणतं का कुणी? आधी नमस्कार, मग दोन शब्द, मग काम. ‘प्रिय’ आणि ‘कुशल असाल’ काढा, ते मलाही खटकलं. ज्यांना कधी भेटलो नाही त्यांना प्रिय कसं म्हणायचं, आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी आपण कशी करायची? पण प्रस्तावना हवीच.”

ओंकार आयटीतला. त्याने काही न बोलता तो मजकूर स्वतःच्याच पत्त्यावर पाठवला आणि इनबॉक्स सगळ्यांसमोर धरला. मेल न उघडता दिसत होतं ते एवढंच: विषय ‘विनंती’, आणि त्याखाली ‘प्रति, मा. आयुक्त साहेब, नाशिक महानगरपालिका, राजीव गांधी…’ पुढे टिंबं. “त्यांना त्यांच्याच ऑफिसचा पत्ता कळवलायस तू,” तो म्हणाला. “सिंहस्थाच्या तयारीच्या मेलांच्या गर्दीत असला मेल कुणी का उघडावा?”

यावर अप्पांनी जे सांगितलं त्याने चर्चेचा नूरच पालटला. मेल आयुक्तांच्या नावे असला तरी तो आधी त्यांच्या कार्यालयातला माणूस उघडतो. त्याला एकच ठरवायचं असतं, हा कागद कोणत्या विभागाकडे जाणार. उद्यान, बांधकाम, आरोग्य की मिळकत? मग प्रिंट निघते, आवक क्रमांक पडतो आणि कागद खाली जातो. तिथला लिपिक त्यावर टिपणी लिहितो: ‘अर्जदार अमुक यांनी तमुक ठिकाणी अशा कार्यक्रमासाठी परवानगी मिळणेबाबत विनंती केली आहे.’

“हे वाक्य तो कुठून आणतो?” अप्पांनी विचारलं. “तुमच्या पत्रातून उचलतो. तुम्ही पहिल्याच ओळीत ते आयतं दिलं, तर जसंच्या तसं टिपणीत उतरतं. नाही दिलं, तर तो चार परिच्छेद चाळून स्वतःच्या समजुतीने लिहितो. मग कवितावाचनाचा ‘सांस्कृतिक मेळावा’ होतो, आणि मेळावा म्हटलं की पोलीस, अग्निशमन, वाहतूक, सगळ्यांची ना हरकत मागतात.”

मला हे नवीन होतं. पहिली ओळ साहेबांना खूश करायला लिहायची असते अशीच आपली समजूत. ती लिपिकाला उतरवून घेता यावी म्हणून लिहायची, हे कुणी सांगत नाही.

मेल इंग्रजीत लिहावा का, हा ओंकारचा प्रश्नही त्यातच निकालात निघाला. राजभाषा अधिनियम 1964 चा आहे, महापालिकेतल्या टिपण्या मराठीत चालतात. इंग्रजी मेल आला की लिपिकाला आधी भाषांतराला बसावं लागतं. शिवाय कार्यक्रम मराठी भाषा गौरव दिनाचा! ओंकारने हात जोडले.

मग पत्त्याच्या चौकटीवरून जुंपली. वैशालीताई म्हणाल्या, दहावीच्या नव्या आराखड्यात पत्राला ई-मेलचं रूप आलं, सगळा मजकूर डाव्या कडेला आला, पण ‘प्रति’ काही गेलेलं नाही. ओंकारला ते समूळ काढायचं होतं. अप्पांनी मधला मार्ग काढला, तो मला सगळ्यात व्यवहारी वाटला. संस्थेच्या लेटरहेडवर रीतसर पत्र करायचं. त्यात तारीख, प्रति, पूर्ण पत्ता, विषय, खाली सही आणि शिक्का. ते स्कॅन करून पीडीएफ जोडायचं, कारण फायलीत जाणारा कागद तोच. मेलच्या मजकुरात फक्त ‘मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका’ एवढी एक ओळ, म्हणजे नुसत्या मेलची प्रिंट निघाली तरी कुणाला लिहिलंय ते कळतं.

“आणि साहेब?” मिलिंद.

“बोलताना म्हण. लिहिताना ‘मा. आयुक्त’ पुरे. ‘मा.’ लावलं की मान झाला. वर साहेब, सन्माननीय, आदरणीय असं रचत गेलास की वाचणाऱ्याला वाटतं, काम वाकडं दिसतंय.” कोल्हापूर-सांगलीकडून ‘आयुक्तसो’ असे अर्ज येतात, तिकडे ती रीतच आहे, नाशिककराने ओढूनताणून लिहू नये, असंही ते म्हणाले.

नाव घालावं की नाही, यावर अप्पा ठाम होते. मेलचा पत्ता सहसा पदाचा असतो, माणसाचा नाही. अधिकारी बदलून जातात, पत्ता तोच राहतो. जुन्या बातमीतून नाव उचललं आणि दरम्यान बदली झालेली असली, तर नव्या अधिकाऱ्याच्या हातात पहिलंच पत्र पडतं ते आधीच्या नावाचं. म्हणून पदनाम लिहावं. नाव घालायचंच असेल, तर पाठवायच्या दिवशी महापालिकेच्या संकेतस्थळावर पाहून.

इथे वैशालीताईंनी बरोबर बोट ठेवलं. “नाव नको म्हणता, पण ‘महोदय’ की ‘महोदया’ हे कशावरून ठरवणार? त्यासाठी तरी बघावंच लागेल ना?”

अप्पा हसले. त्यांच्या साहेब बाई होत्या तेव्हा येणाऱ्या ढीगभर पत्रांत ‘महोदय’च असायचं. बाई बोलायच्या काही नाहीत, पण एखाद्याने ‘महोदया’ लिहिलेलं असलं की तो कागद जरा सावकाश वाचायच्या. तेव्हा बघून लिहावं हे खरं. ओंकारने ‘महोदय/महोदया’ सुचवलं, ते सगळ्यांनी उडवून लावलं. तिरक्या रेघेमुळे छापील फॉर्मची कळा येते. कळायला काही मार्गच नसेल, तर ‘मा. आयुक्त, सादर नमस्कार’ असं लिहावं. त्यात स्त्री-पुरुष हा प्रश्नच उरत नाही.

नमस्कारावर मात्र एकमत झालं नाही. वैशालीताईंच्या मते ‘स. न. वि. वि.’ अजून शोभून दिसतं. अप्पा म्हणाले, ते ओळखीपाळखीच्या पत्राला. अर्जात ‘महोदय’ लिहून स्वल्पविराम दिला की नमस्कार झाला. मला वैशालीताईंचं अर्धं पटतं. दोन शब्दांचा ‘सादर नमस्कार’ कुणाला जड होत नाही. ‘पत्र लिहिण्यास कारण की’ मात्र कायमचं निवृत्त व्हायला हरकत नाही.

‘उपरोक्त विषयास अनुसरून’चा निकालही असाच अर्धा लागला. कागदावर विषय खरंच वर असतो, म्हणून पीडीएफमध्ये ते चालतं. मेलमध्ये पहिले तीन शब्द त्यावर खर्च केले, की ओंकारने दाखवलेल्या त्या तुकड्यात पुन्हा काहीच दिसत नाही.

आता मिलिंदला बसवून लिहायला लावलं. विषय आधी. ‘विनंती’ गेलं, ‘27 फेब्रुवारी रोजी उद्यानात कवितावाचन कार्यक्रमास परवानगी मिळणेबाबत’ आलं, आणि त्यात उद्यानाचं नावही. ‘मिळणेबाबत’ हा शब्द ओंकारला जुनाट वाटला, पण लिपिकाच्या डोळ्यांना तो सवयीचा आहे, म्हणून राहू दिला. मग पहिलं वाक्य:

“महोदय, सादर नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेतर्फे 27 फेब्रुवारी रोजी सायं. 7 ते 10.30 या वेळेत शेजारील मनपा उद्यानात सुमारे 80 श्रोत्यांसाठी कवितावाचन आयोजित करण्यास आपली परवानगी मिळावी, ही विनंती.”

“साडेदहा?” अप्पांनी भुवया उंचावल्या. “ध्वनिक्षेपक लावणार?”

“एक लहानसा.”

“रात्री दहानंतर उघड्यावर चालत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 पासून आहेत. या एका अर्ध्या तासासाठी तुझा कागद परत येईल.”

वेळ बदलून सायं. 6.30 ते 9.30 केली. पहिल्या मसुद्यात वेळ पार शेवटी, आभाराच्या वर कुठेतरी होती आणि वाचताना आमच्यापैकी एकाचंही तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

दुसरं वाक्य स्वतःची ओळख. ‘माझे नाव मिलिंद आहे’ काढलं. नाव खाली सहीत येतंच. त्याऐवजी: ‘आमची संस्था नोंदणीकृत असून मी संस्थेचा सचिव आहे, सहीचे पत्र व कार्यकारिणीचा ठराव सोबत जोडला आहे.’ कोण विचारतंय आणि कुठल्या अधिकाराने, एवढं आयुक्तांना पुरतं. ‘कुशल नेतृत्वा’चं वाक्य वाचवायला मिलिंदने बराच जोर लावला. अप्पांनी एवढंच विचारलं, “टिपणीत त्याचं काय होणार?” आणि ते गेलं. खाली एके ठिकाणी ‘तुम्ही’ राहिलं होतं, ते ‘आपण’ केलं. वर ‘आपली परवानगी’ आणि खाली ‘तुम्ही सांगाल तसं’ असं झालं, की दोन माणसांनी अर्धा अर्धा मेल लिहिल्यासारखा वाटतो.

“आणि उत्तरच आलं नाही तर?” ओंकारने विचारलं.

स्मरणपत्राची सुरुवात वेगळी, अप्पा म्हणाले. तिथे सगळ्यात आधी संदर्भ: पहिल्या मेलची तारीख, आणि आवक क्रमांक मिळाला असेल तर तोही. तो मिळवायला एकदा राजीव गांधी भवनात चक्कर मारायची. क्रमांक असला की लिपिकाला फाईल शोधावी लागत नाही. नवा मेल न लिहिता जुन्यालाच उत्तर म्हणून पाठवायचा. जोडपत्रं परत मागायची वेळ येऊ नये म्हणून पीडीएफ मात्र पुन्हा जोडायची.

मिलिंदने लगेच टाइप केलं, ‘आपण अद्याप उत्तर दिलेले नाही.’

“असं नाही,” वैशालीताई आणि अप्पा एकदमच म्हणाले. त्या संध्याकाळी दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. वैशालीताईंनी मोबाइल घेऊन वाक्य स्वतः लिहिलं: ‘संदर्भीय अर्जावरील निर्णय अद्याप प्राप्त झालेला नाही; कार्यक्रमाची तारीख जवळ आल्याने तो लवकर कळवावा, ही विनंती.’