मामाचं आडनाव सांगा आणि मामा बना

"मॅडम, मी आईचं लग्नाआधीचं आडनाव विचारलंय."

"तेच सांगतेय. कासव तराजू खुंटी."

पलीकडचा कीबोर्ड थांबला. बंद झालेलं खातं उघडून घ्यायला मी ग्राहक सेवेला फोन लावला होता. फोन नंबर बदलला एवढाच माझा गुन्हा. पस्तीस मिनिटं तेच संगीत ऐकल्यावर माणसाचा आवाज आला होता, तोही आता गप्प.

"मॅडम, कासव हे आडनाव नसतं."

"नसू दे. तुमच्याकडे जे नोंदवलंय तेच मी सांगितलंय ना?"

"नोंदवलंय तेच, ते मला समोर दिसतंय. पण चुकून भरलं गेलं असणार. खरं आडनाव सांगा, मी दुरुस्त करून टाकतो."

इथे मला दोन धक्के एकदम बसले. पहिला असा, की उत्तर त्याला समोर दिसत होतं. पासवर्ड कुठलीही शहाणी यंत्रणा जसाच्या तसा ठेवत नाही. त्याचा गणिताने काढलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा, म्हणजे हॅश ठेवते, त्यामुळे तिथे काम करणाऱ्यालाही तो वाचता येत नाही. आईच्या आडनावासारख्या सुरक्षा प्रश्नाचं उत्तरही तसंच ठेवता येतं. पण फोनवरच्या माणसाला ते ऐकून पडताळायचं असतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते उघडंच पडलेलं असतं. पुढच्या दाराची किल्ली तिजोरीत आणि मागच्या दाराची खिळ्याला टांगलेली, तसा प्रकार. दुसरा धक्का असा, की बरोबर उत्तर देऊनही मी संशयित ठरले होते आणि खोटं खोडायला माझ्याकडे खऱ्याची मागणी होत होती.

"अहो, पण मी ते मुद्दाम खोटं भरलंय."

"आईचं नाव? मुद्दाम खोटं?"

त्या आवाजात जे दुःख होतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. आपण एका कुलबुडव्या बाईशी बोलतोय असं त्या बिचाऱ्याला वाटलं असावं. मग तो मवाळ झाला. "मॅडम, घाबरू नका. आठवून सांगा. क पासून सुरू होतंय, एवढं तर बरोबर आहे." म्हणजे मी चोर असते तर त्याने मला पहिलं अक्षर फुकट दिलं होतं.

आता या प्रश्नाबद्दल थोडं मनातलं बोलते, कारण फोनवर बोलता आलं नाही. मराठीत तर हा प्रश्न जास्तच विनोदी आहे. आईचं माहेरचं आडनाव म्हणजे सरळ मामाचं आडनाव. वाढदिवसाला ज्या गृहस्थाने सगळ्या जगासमोर "लाडक्या भाचीला शुभेच्छा" लिहिलंय, त्याच्या नावाशेजारी माझं 'गुपित' छापलेलं असतं. आईने आडनाव बदललंच नसेल तर मामाचीही गरज नाही. आणि हे गुपित माझ्या सगळ्या भावंडांना, मावशांना, मामेभावांना आणि माझ्यावर खार खाऊन असलेल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. गुपिताची ही कुठली जात?

बँकांनी हे सुरू केलं तेव्हा ते इतकं वेडगळ नव्हतं. १९०६ साली बाल्टिमोरच्या एका बँकरने अमेरिकी बँकवाल्यांच्या सभेत आपल्या बँकेची पद्धत सांगितली होती. खातं उघडताना सहीच्या कार्डावर जन्मगाव, पत्ता, व्यवसाय, वय आणि आईचं लग्नाआधीचं आडनाव लिहून घ्यायचं. पण तो जोड होता, सहीला. शिवाय खातेदार खिडकीसमोर उभा असायचा आणि कुणाचं माहेर शोधायचं तर दप्तरं चाळत हिंडावं लागायचं. आज ती दप्तरं संगणकावर आहेत. २००५ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी टेक्सास राज्याच्या जन्म-विवाहाच्या सार्वजनिक नोंदी एकमेकींना जोडून पाहिल्या. एरवी आईचं आडनाव ओळखण्यातली अनिश्चितता सरासरी १३ बिटांच्या आसपास निघते, म्हणजे ढोबळमानाने ८ हजार शक्यता. नोंदी जोडल्यावर पाव भागाहून जास्त लोकांच्या बाबतीत ती ६.९ बिटांच्या खाली आली, म्हणजे १२० हूनही कमी शक्यता. आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत शून्य. शून्य म्हणजे अंदाज करायचाच नाही, उत्तर हातात.

नोंदी नसल्या तरी हल्लेखोर उपाशी मरत नाही. तो एकाच माणसाच्या मागे लागतो असं आपण धरून चालतो, तिथे चुकतं. त्याला हजार खाती चालतात. सगळ्यांत जास्त आढळणारी दहा आडनावं घ्यायची आणि प्रत्येक खात्यावर दोन-तीन वापरून पुढे जायचं. खातं बंद पडण्याइतके चुकीचे प्रयत्न कुठेच होत नाहीत, आणि काही दारं उघडतातच.

आणि माणूस प्रसिद्ध असेल तर बोलायलाच नको. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांचं याहूवरचं ईमेल खातं एका वीस वर्षांच्या कॉलेजच्या पोराने उघडलं. त्याने पासवर्ड फोडला नाही. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं आणि जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याची भेट कुठे झाली यांची उत्तरं दिली. तिन्ही उत्तरं इंटरनेटवर पडलेली होती. पासवर्ड कितीही भक्कम असता तरी उपयोग शून्य, कारण तो कुणी विचारलाच नाही.

याहूच्याच बाबतीत पुढे जे घडलं त्याने माझी उरलीसुरली झोप उडवली. २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केलं की २०१४ साली किमान ५० कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली, आणि त्यात काही जणांचे सुरक्षा प्रश्न आणि त्यांची उत्तरंही होती, काही तर न कूटबद्ध केलेली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. आईचं माहेर फुटलं तर काय करायचं? आईचं दुसरं लग्न लावूनही माहेर तेच राहतं. आणि तेच उत्तर दहा ठिकाणी दिलेलं असेल तर दहाही ठिकाणं एकदम गेली.

म्हणून खोटं बोलायचं. पण खोटं बोलण्यातही आपण मार खातो. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली आपल्याच खात्यांमधल्या उत्तरांचा अभ्यास छापला. त्यांनी विचारलेल्यांपैकी ३७ टक्क्यांनी मुद्दाम खोटं उत्तर दिल्याचं कबूल केलं, पण माणसं खोटंही एकमेकांसारखंच बोलतात, त्यामुळे ती उत्तरं ओळखायला उलट सोपी पडू शकतात. बाकी खरं उत्तर तरी कुठे लक्षात राहतं! इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकी खातेदारांपैकी ४० टक्क्यांना गरज पडली तेव्हा स्वतःचं उत्तर आठवलं नव्हतं. चोराला सोपं आणि मालकाला अवघड असं कुलूप बनवायला खास अक्कल लागते.

तर खोटं डोक्यातून काढायचं नाही, फाशांनी काढायचं. ७,७७६ शब्दांच्या याद्या मिळतात. पाच फासे टाकले की एक शब्द येतो, तीनदा टाकले की तीन. तीन शब्दांच्या जोड्या ४७ हजार कोटींच्या वर होतात. फासे नसतील तर पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये, शब्दांचा पासवर्ड बनवायची सोय असते, तीही चालेल. उत्तर मॅनेजरमधल्या त्या खात्याच्या नोंदीतच, कोणत्या प्रश्नाला दिलंय त्यासकट लिहून ठेवायचं. प्रत्येक ठिकाणी वेगळं. रोमन अक्षरांत भरलं असेल तर ते जसं टाइप केलं तसंच उतरवायचं, kasav की kaasav हा वाद फोनवर घालायचा नसतो. काही फॉर्म मोकळ्या जागा गिळतात, काही ठरावीक अक्षरांनंतरचा भाग न सांगता कापतात. म्हणून भरल्यावर लगेच पुन्हा उघडून पाहायचं की काय शिल्लक राहिलंय.

तुम्ही म्हणाल, शब्द कशाला, अक्षरं-आकड्यांची सरमिसळ आणखी भक्कम नाही का? संगणकासमोर आहे. फोनवर नाही. समोरच्या पडद्यावर xK7pQw2Zr अशी काहीतरी माळ दिसत असते. चोर म्हणतो, "अहो, मी काहीतरी अगडबगड टाइप केलं होतं, आता कुठे आठवतंय!" पडद्यावर खरोखरच अगडबगड असतं. ग्राहक सेवेचा भला माणूस हसतो आणि आत सोडतो. तीन साधे शब्द मात्र सांगावेच लागतात.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल की माझ्या तीन शब्दांचं काय झालं. शब्द बरोबर, माणूस अडून. म्हणूनच ही सगळी मलमपट्टी आहे. जिथे सुरक्षा प्रश्न काढून टाकता येतो तिथे तो आधी काढावा. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचा पासवर्ड तिथूनच बदलता येतो. तिथे पासकी लावावी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात राहणारी डिजिटल किल्ली. ती ज्या संकेतस्थळासाठी बनली तिथेच चालते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर तुम्ही फसलात तरी ती फसत नाही. पासकी नसेल तर ऑथेंटिकेटर ॲप, दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड देणारं. हा कोड खोट्या पानावर टाकला तर चोर त्याच अर्ध्या मिनिटात वापरू शकतो, एवढी त्याची मर्यादा. एसएमएसने येणारा कोड त्याहून कच्चा, कारण तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर वळवून घेणारे लोक असतात. तरी आईच्या आडनावापेक्षा तो बरा. आणि बॅकअप कोड कागदावर उतरवून घरात ठेवावेत. गूगल असे दहा देतं, प्रत्येक एकदाच चालतो. फोन हरवला तर मागच्या दाराने यायला हे कोड असावेत, मामा नसावा.

हे सगळं त्या गृहस्थाला सांगायची खुमखुमी आली होती, पण कीबोर्ड पुन्हा वाजू लागला होता.

"मॅडम, काम झालं. खातं उघडलंय. आणि तुमची अडचण कायमची सोडवली."

"म्हणजे?"

"आईचा प्रश्न काढून टाकला आणि त्याजागी 'पाळीव प्राण्याचं नाव' लावलंय. तिथे कासव चालतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तराजू आणि खुंटी तेवढी खोडली. उगाच लांबण लागत होती."