रिपोर्टातल्या ‘आकसलेल्या मेंदू’बद्दल खुलासा

“ग्रुपवर फिरतंय, एमआरआयत मेंदू आकसलेला दिसला की स्मृतिभ्रंश पक्का. देवगडला आईच्या रिपोर्टात तेच लिहिलंय. वय 78. गुण दोन्हीकडे 2. आता काय?”

पक्का नाही. म्हातारपणी मेंदू सगळ्यांचाच थोडा आकसतो, म्हणून आधी बघायचं ते कुठे आकसलाय. अल्झायमरमध्ये बहुधा आधी झिजतो तो हिप्पोकॅम्पस. कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक. नवी आठवण तिथे रुजते. रिपोर्टातले गुण त्याच भागाच्या झिजेचे, 0 ते 4; जितके जास्त, तितकी झीज जास्त. पंचाहत्तरीच्या आत 2 आले तर ते जास्त धरतात. त्यापुढच्या वयात मात्र 2 सहसा वयाला धरूनच मानतात आणि 3 पासून डॉक्टर कान टवकारतात. म्हणजे आईचे 2 एकट्याने काहीच ठरवत नाहीत.

उलटंही होतं बरं का. आजार सुरू झालेला असतो आणि स्कॅन जवळजवळ स्वच्छ येतो. म्हणून फिल्मपेक्षा स्वयंपाकघर जास्त सांगतं. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. पण जन्मभर केलेल्या बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळं कधी घालायची हेच सुचेनासं झालं, किंवा तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा आला, तर कधीपासून ते तारखेनिशी लिहून न्या. सोबत बी-12 आणि थायरॉईडच्या तपासण्याही विचारा. त्यांच्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो, आणि त्यावर औषध आहे.