कल म्हणजे काल की उद्या?

“मग दुसरे पाच हजार कुठे आहेत?” असं कोषाध्यक्षांनी चाळीस माणसांसमोर विचारलं, तेव्हा माझ्या हातात पोह्यांची बशी होती आणि वरची शेव मी बोटांनी चिमटीत धरली होती. चोर सापडावा तसे सगळे त्या चिमटीकडे बघायला लागले.

मी आमच्या इंदूरच्या गणेश मंडळाचा सचिव आहे. निवडणुकीच्या वेळी मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो, एवढीच माझी पात्रता. सभेच्या नोंदी मात्र दोघं घेतात. एक बँकेतून निवृत्त झालेल्या काकू, वहीत, शुद्ध मराठीत. दुसरा त्यांचाच भाचा, मोबाईलवर, अस्सल इंदुरी हिंदीत. दोघांचं एकत्र करून इतिवृत्त मी लिहायचं.

विषय क्रमांक ३, मंडप. काकूंची वही म्हणते, “मंडप रु. १८,०००. अनुमोदक नाना. उद्या ५,००० आगाऊ देणे.” मोबाईल म्हणतो, “टेंट २१ हज़ार फाइनल. नाना विरोध. कल ५ हज़ार एडवांस.”

हिंदीतला ‘कल’ काल असतो की उद्या, हे क्रियापद आल्यावर कळतं. भाच्याने क्रियापद टाकलंच नव्हतं. मराठी डोक्याने मी तो ‘काल’ वाचला आणि बिनधास्त लिहून टाकलं : ‘५,००० दिले, उरलेले ५,००० उद्या द्यावेत.’ एकाच पैशाचे दोन व्यवहार. दोघांच्या नोंदी जोडताना हाच खड्डा असतो. शब्द वेगळे दिसले की गोष्टही वेगळी वाटते. कोषाध्यक्षांच्या रोकडवहीत एकच व्हाउचर होतं, सभेच्या दुसऱ्या दिवसाचं. ते मी आधी बघितलं असतं तर पोहे तरी सुखाने खाल्ले असते.

राहिले अठरा आणि एकवीस. साडेएकोणीस लिहून मोकळं व्हावं, असं क्षणभर मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण दोन आकड्यांची सरासरी काढली तर सभेत कोणीच न बोललेला तिसरा आकडा तयार होतो. म्हणून आधीच नानांच्या घरी गेलो होतो. रामबागेत, भर दुपारी.

“नाना, तुम्ही मंडपाला विरोध केलात की अनुमोदन दिलंत?”

“दोन्ही.”

“दोन्ही कसं?”

“अरे भिया, अठराला विरोध, एकवीसला अनुमोदन.”

“म्हणजे महाग झाल्यावर अनुमोदन?”

“अठरात दिवे होते का? नव्हते! गणपती काय अंधारात बसवायचा? मी म्हटलं, माझा विरोध लिहा. मग मंडपवाल्याने तीन हजारांत दिवे दिले, मग मी म्हटलं, माझं अनुमोदन लिहा. आणि मधे मी जे मालवा मिलच्या झांकीबद्दल बोललो, ते लिहिलंस का?”

“नाना, इतिवृत्तात भाषणं लिहीत नाहीत, ठराव लिहितात.”

“वीस मिनिटं बोललो मी!”

“म्हणूनच.”

नाना आत गेले. रागावले असं वाटलं, पण मंडपवाल्याचं कोटेशन घेऊन आले. खाली पेन्सिलीने ‘दिवे ३,०००’. दुपार सार्थकी लागली. म्हणजे नोंदींत परस्परविरोध नव्हताच, क्रम होता. काकूंनी अठरा लिहिलं आणि त्या चहा बघायला उठल्या, परत आल्या तेव्हा नाना अनुमोदन देत होते. भाच्याने विरोध लिहिला, एकवीस लिहिलं आणि अनुमोदनाच्या वेळी त्याला फोन आला. दोघंही खरं बोलत होते, अर्धं अर्धं. विषयाशेजारी दोघांनी नुसती वेळ टाकली असती, तर मी ऊन खाल्लं नसतं.

आता मी कागदावर तीन रकाने आखतो. विषयपत्रिकेतले क्रमांक डावीकडे, मधे काकू, उजवीकडे भाचा. एकाकडेच असलेली ओळ गाळत नाही, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवून विचारतो. आकडा असेल तर कागद मागतो. कागदही नसेल तर स्वतः न्याय करत नाही. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याआधी प्रश्न मोठ्याने वाचतो. हे सगळं मला कोणी शिकवलं नाही, आणि करतो म्हणून कोणी चहासुद्धा जास्त देत नाही. चूक झाली की सचिवाची; इतिवृत्त बिनचूक असलं की कोणी वाचतच नाही.

त्या दिवशी दुरुस्ती मांडली : ‘मंडप दिव्यांसह २१,०००, आगाऊ ५,००० एकदाच दिले.’ सभेने ती मान्य केली. काकू वहीत लिहीत होत्या, भाचा मोबाईलवर. तेवढ्यात मागून नाना म्हणाले, “आणि लिहा, की या विषयावर नाना काही बोलले नाहीत.”

दोघांनीही लिहून घेतलं.